दिवाळीचा इन्सेंटिव्ह पावसाळ्यापर्यंत पुरवताना

प्रश्न : मी पुण्यात फ्लॅटविक्रीचं काम करतो. पगार हातात ४२,००० येतो. दसरा-दिवाळीत इन्सेंटिव्ह भरपूर, पावसाळ्यात शून्य. तरी क्रेडिट कार्डाची थकबाकी राहतेच. काय करू?

उत्तर : भाडं, किराणा, हप्ते मिळून महिना ५०,००० होत असतील, तर दरमहा ८,००० तुम्ही पुढच्या बुकिंगच्या भरवशावर उचलता. घर ४२,००० मध्येच बसवा. इन्सेंटिव्ह धरून कर्जाचा हप्ता तर कधीच ठरवू नका.

समजा, दिवाळीत कर कापून २,४०,००० आले आणि कार्डाचे ६०,००० थकले आहेत. आधी कार्ड फेडा. त्याच्या व्याजाइतका परतावा कोणतीच गुंतवणूक खात्रीने देत नाही. उरलेले १,८०,००० लिक्विड फंडात ठेवा. त्यातले १,२६,००० म्हणजे तीन महिन्यांचा घरखर्च. त्याला हात लावायचा नाही. बाकीचे ५४,००० तिथूनच एसटीपीने दरमहा ४,५०० असे वर्षभर इंडेक्स फंडात वळवा. मोठ्या महिन्याच्या जोरावर बँक खात्यातून दांडगी एसआयपी लावली, तर जुलैत खातं रिकामं असताना हप्ता परत जातो आणि बँक दंड लावते.

तुमच्या धंद्यात आणखी एक खाच आहे. ग्राहकाने बुकिंग रद्द केलं, तर दिलेला इन्सेंटिव्ह पुढच्या पगारातून कापण्याची अट असू शकते. नेमणूकपत्र काढून वाचा. तशी अट असेल, तर करारनामा नोंदला जाईपर्यंत त्या बुकिंगचे पैसे लिक्विड फंडातच राहू द्या, एसटीपी नंतर सुरू करा.