आज्ञार्थी क्रियापद आणि उत्तराचा विस्तार : ‘कोसला’वरील तीन प्रश्न

साहित्यविषयक प्रश्नपत्रिकेत प्रश्नाच्या अखेरीस येणारे ‘स्पष्ट करा’, ‘समर्थन करा’, ‘भाष्य करा’ हे शब्द परीक्षार्थी बहुधा वाचून सोडून देतो. परिणामी तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर मिळते आणि ते प्रायः कथानकाचे असते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीच्या आधारे हा भेद पाहता येईल. प्रत्येक प्रश्न पाच गुणांचा असून शब्दमर्यादा दिलेली नाही, असे येथे गृहीत धरले आहे. ती दिलेली असल्यास अर्थातच तीच प्रमाण.

‘कोसलातील प्रथमपुरुषी निवेदन स्पष्ट करा.’ येथे वाद नाही. पांडुरंग सांगवीकर स्वतःची हकिकत स्वतः सांगतो, त्यामुळे घटना त्याच्याच दृष्टीतून आणि बोलीतून येतात, एवढी संकल्पना आणि तिचे एक उदाहरण पुरे. शंभर-सव्वाशे शब्दांपलीकडे गेलेले उत्तर सहसा कथानकाकडे वळलेले असते. मात्र ‘सोदाहरण’ हे विशेषण जोडले गेले, की दुसऱ्या उदाहरणाची जागा ठेवावी लागते.

‘कोसला ही वैफल्याची कादंबरी आहे, या विधानाचे समर्थन करा.’ येथे विधान मान्य करूनच लिहायचे असते. ते खोडून काढण्याची मुभा या क्रियापदात नाही. पुण्यातील शिक्षणाची निष्फळता, धाकटी बहीण मनी हिचा मृत्यू आणि गावी परतल्यानंतरचे रितेपण असे तीन आधार घेता येतात. परंतु ‘मनी मरते’ हा केवळ प्रसंग झाला. त्या मृत्यूने पांडुरंगाचा जगण्याच्या अर्थावरील विश्वास ढळतो, हे सांगितल्यावर तो आधार ठरतो. हा जोड बहुसंख्य उत्तरांत गळतो आणि गुण तेथेच जातात. प्रत्येक आधाराला पन्नास-साठ शब्द धरले, तर उत्तर दोनशेच्या आसपास जाते. तिघांत हेच सर्वांत दीर्घ.

याच विधानावर ‘भाष्य करा’ म्हटले, की मात्र विधान तपासायचे असते. वैफल्य आहेच, पण वसतिगृहातील जीवनाचा उपहास आणि निवेदनातील मिस्कीलपणा त्या शब्दात मावत नाही. विधान कोठवर टिकते, कोठे अपुरे पडते आणि अखेर लेखकाचा निर्णय काय, या तीन गोष्टी दीडशे शब्दांत बसतात. येथे आधार कमी, तोल अधिक. निर्णय न देता दोन्ही बाजू मांडून थांबणे ही ‘चर्चा’ होईल, भाष्य नव्हे; प्रश्नकर्तेही हा भेद नेहमी पाळतात असे नाही, ही गोष्ट निराळी.

उत्तर चुकले आहे काय, हे ताडण्याचा एक सोपा उपाय आहे. लिहिलेला परिच्छेद उरलेल्या दोन प्रश्नांखाली ठेवून पाहावा. तेथेही तो जसाच्या तसा शोभत असेल, तर त्यात कथानकाखेरीज काही उतरलेले नाही.