तीन वर्षांचा खंड रेझ्युमेत कसा दाखवावा?

प्रश्न : २०१२ ते २०१९ मी एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात होते. मुलीच्या जन्मानंतर नोकरी सोडली. २०२२पासून घरून दोन दुकानांचं जीएसटीचं काम बघते. मैत्रीण म्हणते, तारखा गाळून फक्त कौशल्यं लिही. तसं करू का?

उत्तर : ताई, तारखा गाळू नका. कौशल्यनिहाय मांडणीत ‘टॅलीचा उत्तम अनुभव’ दिसतो, पण कुठला नि कधीचा ते कळत नाही. माणसं निवडणाऱ्याला मग काहीतरी लपवलंय असंच वाटतं. नोकरीच्या पोर्टललाही कंपनी आणि तारखांची जोडी लागते.

निव्वळ कालक्रमाची मांडणी सलग नोकरी केलेल्यांना शोभते. तुमच्या बाबतीत तिच्यात कारखान्यातली सात वर्षं खाली जातील आणि आधी खंडच डोळ्यांत भरेल.

म्हणून मिश्र मांडणी घ्या. नावाखाली कौशल्याच्या तीनच ओळी, प्रत्येकीला कामाचा पुरावा जोडून : ‘दोन दुकानांची जीएसटीआर-१ आणि ३बी विवरणपत्रं दर महिन्याला भरते.’ त्याखाली ताज्या कामापासून मागे जाणारा क्रम. पहिली नोंद ‘स्वतंत्र हिशेबनीस, २०२२पासून’. पगारपत्रक नसलं तरी ते कामच आहे! मग ‘२०१९–२०२२ : बालसंगोपन’, एवढंच, खुलासे नकोत. शेवटी कारखाना.

वरच्या एखाद्या कौशल्याला खाली नोंद सापडत नसेल, तर ती ओळ काढा. मुलाखतीत पहिला प्रश्न तिच्यावरच येतो.