आधी घर, मग दुकान

मंचर

चि. सोनूस,

जुन्नरच्या कडेला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने ठरल्या आणि सामानासाठी एक लाख वीस हजार वेगळे काढलेत, हे तुझ्या आईने सांगितलं. सोफा कुठून घ्यायचा, असं तू विचारलंस. सोफ्याचं नंतर बोलतो. इतकी वर्षं फर्निचरच्या दुकानात बसून पाहिलंय, की पैसा बहुधा पहिल्या आठवड्यातच संपतो आणि अडचणी कळतात दुसऱ्या महिन्यात. म्हणून पैसे एका दमात खर्च करू नकोस.

सगळ्यात आधी पंधरा हजार बँकेतच राहू देत. ते कशासाठी, हे आज ठरवायचं नाही. मग ज्याच्यावाचून पहिली रात्र आणि दुसरी सकाळ निघणार नाही, तेवढंच घ्या: गॅस, शेगडी, पंखे, गाद्या, पाण्याची पिंपं. गॅसच्या नव्या जोडणीला 2022 पासून घरगुती सिलिंडरची अनामत 2,200 रुपये आणि रेग्युलेटरची 250 झाली आहे. नळी आणि शेगडी धरून सात हजार ठेव. वर स्लॅब तापणार, तेव्हा दोन्ही खोल्यांत पंखा हवाच. गाद्या कापसाच्या भरून घ्या, बारा हजारांत भागेल. पलंग नसला तरी गादी जमिनीवर घालता येते. टेम्पोचं भाडं, हमाली, पडद्यांचे रॉड, इलेक्ट्रिशियन यांना लोक हिशेबात धरतच नाहीत. त्यांच्यासाठी आठ हजार धर. हा पहिला टप्पा अडतीस हजारांच्या आसपास बसेल.

यातच एक गोष्ट अजिबात पुढे ढकलू नकोस. तुमचा जिना बाहेरून आहे आणि समोर ऊस आहे. आपल्या भागात उसात बिबट्या असतो, आणि वीज कधी जाईल त्याचा नेम नसतो. जिन्याच्या तोंडाशी वीज गेल्यावरही चालणारा चार्जिंगचा दिवा आणि एक चांगली बॅटरी पहिल्याच दिवशी हवी. जावईबापू रात्रपाळी करून येतात, हे लक्षात ठेव.

भांड्यांना मात्र हात लावू नकोस. रुखवत आणि आहेर उघडून बघ, मग यादी कर. कुकर आणि मिक्सर दोन-दोन झालेली घरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

उरलेल्या सदुसष्ट हजारांना महिनाभर तिथे राहिल्यावरच हात घाल. तोवर फ्रीज किती लिटरचा लागतो, वॉशिंग मशीनच्या नळाला पाणी किती वेळ येतं, दिवे मंद-प्रखर होतात का, हे तुलाच कळेल. व्होल्टेज खालीवर होत असेल तर फ्रीजबरोबर स्टॅबिलायझरचे पैसेही धर. साधारण बावीस हजार फ्रीजला, पंधरा मशीनला, चौदा लोखंडी कपाटाला आणि सोळा पलंगाला, अशी विभागणी मला दिसते. सोफा यात बसत नाही. पाहुण्यांसाठी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि सतरंजी या वर्षी पुरे.

कपाट लोखंडीच का, तेही सांगतो. घर भाड्याचं आहे, सामान पुन्हा हलणार. स्वस्त तयार कपाटं बहुतेक पार्टिकल बोर्डची, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीची असतात. पावसाळ्यात ओल लागली की तिच्या कडा फुगतात, आणि एकदा उचकटलेला स्क्रू त्याच भोकात परत घट्ट बसत नाही. खरेदी करताना फळीची न झाकलेली कड किंवा मागची बाजू बघ: प्लायवूडमध्ये थर दिसतात, पार्टिकल बोर्डात भुसा दिसतो. पलंग प्लायवूडचा घेतलास तर फळीवर आयएस 303 चा शिक्का आणि बीडब्ल्यूआर ही अक्षरं शोध. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ असं तोंडी सांगितलेलं मानू नकोस.

हप्त्यांचं एक राहिलं. ‘शून्य टक्के व्याज’ म्हणाले, की रोख दिले तर किंमत काय, हे आधी विचार. बहुधा ती कमी निघते, आणि हप्त्यावर प्रक्रिया शुल्क वेगळं लागतं. तो फरक म्हणजेच व्याज. असं व्याज शुल्कात लपतं म्हणून रिझर्व्ह बँकेने 2013 मध्ये बँकांना क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनांना मनाई केली होती. तुमच्याकडे रोख आहे, तिच्यावर सूट मागा.

कपाट घ्यायच्या आधी जिन्याच्या वळणाची रुंदी, दाराची उंची-रुंदी आणि दारातून आत वळायला मोकळी जागा किती, हे टेपने मोजून कागदावर लिहून आण. साडेसहा फुटी कपाट जिन्यात अडकलं तर ते उतरवायची हमालीही आपल्याच माथी. मापं घेऊन मंचरला ये, मी बरोबर येतो.

तुझा
मामा