दोन समान वर्तुळांचा ग्रास

२४ ऑक्टोबर १९९५ रोजी सकाळी कोलकात्याच्या दक्षिणेस असलेल्या डायमंड हार्बर या गावी सूर्याला खग्रास ग्रहण लागले. खग्रास अवस्थेपूर्वी चंद्राचे काळे बिंब सूर्यबिंबावर हळूहळू सरकत होते. या सरकण्यात एक क्षण असा येतो, की चंद्राची कड सूर्याच्या बरोबर मध्यावर पोहोचते. सूर्याच्या व्यासाचा अर्धा भाग त्या क्षणी ग्रासलेला असतो. त्यावरून सूर्याचे अर्धे बिंब झाकले गेले असे कोणीही सहज म्हणेल; परंतु ते खरे नाही. प्रत्यक्षात किती बिंब झाकले जाते, हा भूमितीचा एक सुंदर प्रश्न आहे.

आकाशात सूर्य व चंद्र यांची बिंबे जवळजवळ सारख्याच आकाराची दिसतात. ती अगदी समान मानली, तर त्या क्षणाची आकृती अशी होते: समान त्रिज्येची दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात आणि प्रत्येक वर्तुळ दुसऱ्याच्या केंद्रातून जाते. दोहोंना सामाईक असलेला भाग दोन्ही बाजूंनी फुगीर, भिंगाच्या आकाराचा असतो. याच भागाला प्राचीन ज्योतिषी ग्रास म्हणत. ग्रासाची मधली रुंदी येथे त्रिज्येइतकी आहे.

ग्रासाच्या गणिताचा एक नियम आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या आर्यभटीयाच्या गणितपादात दिला आहे. कोलकात्याच्या बेथून कॉलेजातील गणिताचे अध्यापक प्रबोधचंद्र सेनगुप्त यांनी या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले व ते १९२७ साली कोलकाता विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हा नियम समजण्यासाठी दोन शब्द ध्यानात ठेवावे लागतात. वर्तुळे जेथे छेदतात ते दोन बिंदू जोडणारी रेषा म्हणजे जीवा. ही जीवा भिंगाचे दोन वर्तुळखंड करते. जीवेच्या मध्यापासून कंसाच्या मध्यापर्यंतची खंडाची उंची म्हणजे शर. कंस हे धनुष्य, जीवा ही त्याची दोरी आणि हा त्यावर चढवलेला बाण.

आर्यभटाचा नियम असा आहे. प्रत्येक व्यासातून ग्रासाची रुंदी वजा करावी. मिळालेल्या दोन बाक्यांना निरनिराळे ग्रासाने गुणून त्या दोन बाक्यांच्या बेरजेने भागावे. येणारी उत्तरे हे दोन शर होत. मात्र एका वर्तुळाच्या बाकीवरून मिळालेला शर दुसऱ्या वर्तुळाचा समजावा. त्रिज्या १० सेंटिमीटर घेतली, तर प्रत्येक व्यास २० आणि ग्रास १०. प्रत्येक बाकी १०, तिचा ग्रासाशी गुणाकार १००, आणि बाक्यांची बेरीज २०. म्हणून प्रत्येक शर ५ सेंटिमीटर. वर्तुळे समान असल्याने दोन्ही शर समान येणार हे उघडच आहे.

जीवेची लांबी त्याच ग्रंथातील दुसऱ्या नियमावरून मिळते. जीवेला लंब असलेल्या व्यासाचे जीवेमुळे दोन तुकडे होतात. त्या तुकड्यांचा गुणाकार अर्ध्या जीवेच्या वर्गाइतका असतो. येथे तुकडे ५ व १५, गुणाकार ७५. म्हणून अर्धी जीवा ८.६६ व पूर्ण जीवा १७.३२ सेंटिमीटर. भिंगाची लांबी व रुंदी अशी अचूक हाती आली. परंतु वर्तुळखंडाच्या क्षेत्रफळाचा नियम आर्यभटीयात नाही.

तो नियम नंतरच्या गणितज्ञांनी दिला. श्रीधराचार्यांच्या त्रिशतिकेतील रीत अशी: जीवा व शर यांच्या बेरजेच्या निम्म्याला शराने गुणावे, त्या गुणाकाराचा वर्ग करावा, त्याला १० ने गुणून ९ ने भागावे आणि वर्गमूळ घ्यावे. आपल्या उदाहरणात बेरीज २२.३२, तिची निमपट ११.१६, शराने गुणून ५५.८०, पुढील क्रिया केल्यावर एका खंडाचे क्षेत्रफळ ५८.८२ येते. दोन्ही खंड मिळून ११७.६४ चौरस सेंटिमीटर.

हे उत्तर तपासून पाहण्यासाठी दुसरा मार्ग घ्यावा. दोन केंद्रे व छेदनबिंदूंपैकी एक, असे तीन बिंदू जोडावेत. तिन्ही बाजू त्रिज्येइतक्याच असल्याने हा समभुज त्रिकोण होतो. दुसऱ्या छेदनबिंदूकडेही तसाच त्रिकोण होतो. म्हणून एका केंद्रापाशी जीवेसमोर होणारा कोन ६० अंशांच्या दुप्पट, म्हणजे १२० अंशांचा आहे. हा पूर्ण फेऱ्याचा तिसरा हिस्सा होय. संपूर्ण वर्तुळाचे क्षेत्रफळ ३१४.१६, तेव्हा त्या कोनातील वर्तुळपाकळीचे १०४.७२. या पाकळीतून केंद्र व जीवा यांचा त्रिकोण वजा केला, की खंड उरतो. त्या त्रिकोणाचा पाया १७.३२ व उंची ५, म्हणून क्षेत्रफळ ४३.३०. एक खंड ६१.४२ आणि संपूर्ण भिंग १२२.८४ चौरस सेंटिमीटर. कोणत्याही त्रिज्येसाठी हेच असे लिहिता येते:

भिंगाचे क्षेत्रफळ = (२π/३ − √३/२) × त्रिज्येचा वर्ग

कंसातील संख्या सुमारे १.२२८४ आहे. येथे एक चूक वारंवार होते. १२० ऐवजी ६० अंशांची पाकळी घेतली जाते. त्रिकोण मात्र तोच वजा केला, तर भिंगाचे क्षेत्रफळ अवघे १८ चौरस सेंटिमीटर येते. ही चूक लगेच पकडता येते. दोन केंद्रे व दोन छेदनबिंदू यांचा समभुज चौकोन संपूर्णपणे भिंगाच्या आत असतो आणि त्याचेच क्षेत्रफळ ८६.६० आहे. भिंगाला बाहेरून वेढणाऱ्या आयताचे क्षेत्रफळ १७३.२० आहे. खरे उत्तर या दोहोंच्या मधेच असले पाहिजे.

श्रीधरांचे उत्तर या मर्यादांत बसते, तरीही ते खऱ्यापेक्षा ५.२० ने, म्हणजे शेकडा चाराहून किंचित अधिक, कमी आहे. तोच नियम अर्धवर्तुळाला लावला तर १५८.११ येतात; खरे क्षेत्रफळ १५७.०८ आहे. तेथील फरक केवळ π च्या जागी १० चे वर्गमूळ धरल्यामुळे पडतो. यावरून असे दिसते, की हा नियम अर्धवर्तुळाशी जुळवून घेतलेला आहे. खंड उथळ झाला की तो कमी पडू लागतो. ज्याने अर्धवर्तुळावरच नियमाची परीक्षा घेतली, त्याला ही उणीव कधीच दिसली नसती.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. १२२.८४ ला ३१४.१६ ने भागले की ०.३९१ येतात. म्हणजे व्यास अर्धा ग्रासला गेला, तेव्हा सूर्यबिंबाचा शेकडा ३९ इतकाच भाग झाकलेला असतो. खग्रास ग्रहणात चंद्रबिंब सूर्यबिंबाहून थोडे मोठे असते. त्याची त्रिज्या शेकडा दोनने मोठी धरली, तरी उत्तर ३९.१ ऐवजी ३९.३ होते; इतकाच फरक. समान बिंबे घेतली तर खरोखर अर्धे बिंब झाकण्यासाठी व्यासाचा शेकडा साठ इतका भाग ग्रासावा लागतो. ग्रहणाच्या वृत्तांतात शेकडा अमुक ग्रहण असे वाचले, म्हणजे तो आकडा व्यासाचा की बिंबाच्या क्षेत्रफळाचा, हे आधी पाहावे.