रोहिणी निघण्याआधी: डोंगरउताराच्या शेतातून वर्षाला किती माती जाते?

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या पट्ट्यात नागली आणि वरई अजूनही उतारावरच होते. नाशिक शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तर या डोंगरपट्ट्यात तो दोन हजारांच्या आसपास आणि इगतपुरीकडे तीन हजारांच्याही वर जातो. मुरमावर हात-दीड हात माती असलेल्या शेतातून ती किती वाहून जाते, याचा अंदाज पेरणीआधीच काढता येतो. त्यासाठी विश्मायर आणि स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञांनी मांडलेले सार्वत्रिक मृदा-धूप समीकरण वापरतात. त्यांची सुधारित पुस्तिका 1978 साली निघाली.

`A = R × K × LS × C × P`

A म्हणजे हेक्टरी वार्षिक धूप, टनांत. उरलेले घटक अनुक्रमे पावसाची मारकता, मातीची धुपण्याची प्रवृत्ती, उताराची लांबी व तीव्रता, पीक व आच्छादन, आणि संवर्धनाचे काम. यातले पहिले दोन शेतकऱ्याच्या हातात नाहीत. बाकीच्यांत मात्र तो बदल करू शकतो, आणि या हंगामात लक्ष तिथेच द्यायचे आहे.

आता एक शेत हिशेबासाठी घेऊ. उतार 12 टक्के, उताराच्या दिशेने लांबी 50 मीटर, पीक नागली, नांगरट उताराला उभी. उतार मोजायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. उताराच्या दिशेने आडव्या मापाने दहा मीटर अंतर ठेवा आणि दोन्ही टोकांच्या पातळीतला फरक घ्या. फरक 1.2 मीटर आला, तर उतार 12 टक्के.

लांबी मोजताना मात्र बांधापासून बांधापर्यंत मोजू नका. पाणी जिथून वाहायला लागते तिथपासून, ते नाल्यात किंवा चरात शिरते किंवा माती टाकायला लागते तिथपर्यंत मोजा. वरच्या जंगलाचे पाणी शेतात उतरत असेल, तर लांबी शेताच्या वरूनच सुरू होते. अशा शेताला आधी डोक्यावर वळण चर हवा. तो नसेल, तर खाली केलेले प्रत्येक काम कमी पडते.

पावसाचा घटक भारतासाठी वार्षिक पावसावरून काढता येतो: `R = 79 + 0.363 × P_mm`. इथे `P_mm` म्हणजे वार्षिक पाऊस मिलिमीटरमध्ये. त्याचा समीकरणातल्या शेवटच्या P शी संबंध नाही. पाऊस आपल्या महसूल मंडळाचा, अनेक वर्षांच्या सरासरीचा घ्या. दोन हजार मिलिमीटरला R येतो 805.

K साठी मातीतील पोयटा, बारीक वाळू, सेंद्रिय पदार्थ, मातीची रचना आणि पाणी मुरण्याची गती लागते. इथे आपण 0.10 धरू. याच पायरीवर लोक फसतात. वरचे सूत्र जुन्या मेट्रिक एककांत आहे. अनेक तक्त्यांत आणि संगणकी नकाशांत K मेगाज्यूलच्या एककांत दिलेला असतो आणि तो सुमारे दहापट लहान असतो. असा K या R ला लावला, तर उत्तर दहापट कमी येते आणि उघडे रान सुरक्षित वाटू लागते. म्हणून दोन्ही आकडे एकाच एककपद्धतीचे आहेत का, हे आधी तपासा.

उताराचा घटक असा: L = (50 ÷ 22.13) चे वर्गमूळ, म्हणजे 1.50. यातला 22.13 हा समीकरण ज्या प्रायोगिक पट्ट्यांवर बेतले आहे, त्यांच्या लांबीचा आकडा आहे. वर्गमूळ पाच टक्के आणि त्याहून जास्त उताराला चालते. S चे सूत्र `65.41 sin²θ + 4.56 sinθ + 0.065` आहे. 12 टक्क्यांना कोन सुमारे 6.8 अंश आणि S सुमारे 1.54 येतो. LS = 2.31.

राहिला C. नागलीचा एकच आकडा पुस्तकातून उचलणे मला पटत नाही. जूनमध्ये राब भाजल्यावर आणि रान नांगरल्यावर माती उघडी असते, आणि जोराच्या सरी नेमक्या तेव्हा पडतात. लावणीनंतर पीक दाटले की माती झाकली जाते. समजा, वर्षभराच्या मारक पावसाचा 35 टक्के भाग उघड्या काळात पडतो आणि तेव्हा C 0.6 आहे, उरलेल्या 65 टक्क्यांत तो 0.15 आहे. एकत्र करून 0.3 येतो. त्यातला दोनतृतीयांश भार पहिल्या काही आठवड्यांचा आहे.

उभ्या नांगरटीला P एक. आता गुणाकार: 805 × 0.10 × 2.31 × 0.3 × 1 = सुमारे 56 टन. हेक्टरवर एक मिलिमीटर माती म्हणजे साधारण 13 टन. म्हणजे दरवर्षी चार मिलिमीटरहून जास्त माती जाते. आपल्याकडे सहन होण्याजोगी मर्यादा साधारण 4.5 ते 11.2 टन धरतात, आणि माती जितकी उथळ तितकी ती खाली जाते.

नुसती आडवी, समपातळी लागवड केली, तर 12 टक्के उताराला P 0.6 पर्यंत उतरतो. पण त्यासाठी उताराची लांबी सुमारे 36 मीटरच्या आत हवी. त्यापुढे साचलेले पाणी सऱ्या फोडून जाते आणि फुटलेली सरी उभ्या नांगरटीपेक्षा वाईट ओघळ पाडते. 50 मीटरच्या आपल्या शेतात 0.6 घेणे म्हणजे स्वतःची फसवणूक. आधी मध्यावर समपातळीत दगडी ताल घाला, म्हणजे लांबी 25 मीटर होईल आणि LS 1.63 वर येईल. मग 0.6 धरता येतो. हिशेब सुमारे 24 टनांवर येतो. उघड्या काळात पालापाचोळा किंवा पेंढा पसरून तेव्हाचा C 0.3 केला, तर एकूण C 0.2 होतो आणि धूप 16 टनांच्या आसपास उतरते. पाला राबाला लागतो हे खरे आहे, पण निदान सर्वांत उभ्या तुकड्यावरचा तरी भाजू नका.

16 टनही मर्यादेबाहेरच आहेत. त्यामुळे तालाच्या वरच्या भागात दरवर्षी नांगरट करूच नये, असे माझे मत आहे. तिथे आंबा लावून खाली गवत दाट राखले आणि C 0.05, P एक धरला, तर त्याच 25 मीटरच्या उतारावर धूप सुमारे 6.5 टन येते. नागली खालच्या तुकड्यात ठेवा. ताल मे महिन्यातच रचा, आणि त्याच्या वरच्या अंगाला पहिल्या पावसात वाळा किंवा मारवेलाचे ठोंब लावा.

हे समीकरण दीर्घकाळाची सरासरी सांगते. एका रात्रीच्या ढगफुटीचा हिशेब त्यातून काढू नये. त्यात पृष्ठभागाची धूप आणि लहान ओघळ येतात, घळी किंवा दरड येत नाही. आणि गंगापूर धरणात किती गाळ गेला, हे यातून कळत नाही, कारण वाटेत बरीच माती खालच्या शेतात थांबते.

म्हणून आकडा शेतात ताडून पाहा. सप्टेंबरअखेर उताराला आडवी शंभर मीटरची दोरी धरा, ओलांडणारे ओघळ मोजा, प्रत्येकाची रुंदी-खोली घ्या. दर दोन मीटरला दहा सेंटिमीटर रुंद, चार सेंटिमीटर खोल ओघळ असेल, तर हेक्टरी 20 घनमीटर म्हणजे 26 टन फक्त ओघळांतूनच गेले. एवढा आकडा 16 टनांच्या हिशेबासमोर आला, तर आधी पाहा की तालाला कुठे खिंडार पडले आहे आणि वरच्या चरातून पाणी कुठे फुटते आहे.