हार्ड डिस्कचा इशारा आला, आता आधी काय करायचं?

मैत्रिणींनो, प्रभागसंघाच्या किंवा ग्रामसंघाच्या कार्यालयातला संगणक सकाळी सुरू केला आणि विंडोज उघडण्याआधीच काळ्या पडद्यावर इंग्रजीत चार शब्द आले, तर आपण बहुतेक वेळा काय करतो? एक बटण दाबतो आणि कामाला लागतो. पण त्यातला एक संदेश नीट वाचायलाच हवा. तो साधारण असा असतो:

```
S.M.A.R.T. Status BAD, Backup and Replace
Press F1 to Resume
```

काही संगणकांवर याच जागी `SMART Hard Drive detects imminent failure` असे शब्द येतात. अर्थ एकच. हार्ड डिस्क स्वतःच सांगते आहे, "मी आता फार दिवस टिकणार नाही, माझ्याकडचं सामान काढून घ्या."

डिस्कला हे कसं कळतं, ते आपल्या रजिस्टरवरून समजून घेऊ. डिस्क म्हणजे लाखो-करोडो छोट्या पानांचं रजिस्टर. या पानांना सेक्टर म्हणतात. एखादं पान खराब झालं की डिस्क त्याऐवजी शेवटी राखून ठेवलेलं कोरं पान वापरते आणि तशी नोंद ठेवते. या नोंदवहीलाच स्मार्ट म्हणतात. राखीव पानं वापरून वापरून ठरलेल्या मर्यादेपर्यंत आली, की वरचा इशारा येतो. म्हणजे त्या दिवशी काहीतरी बिघडायला सुरुवात झाली असं नाही, बिघाड आधीपासूनच चालू होता.

इशाऱ्यानंतर डिस्क तासभर चालेल की दोन महिने, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून संगणक "बघू पुन्हा येतो का" म्हणत बंद-चालू करू नका. प्रत्येक वेळी सुरू होताना डिस्कवर ताण येतो. F1 दाबा (पडद्यावर दुसरं बटण सांगितलं असेल तर ते), विंडोज उघडू द्या आणि लगेच कॉपीला लागा. सुरू होताना विंडोज कधी स्वतःहून डिस्क तपासायला घेते आणि कुठलंही बटण दाबून तपासणी टाळा, असं सांगत काही सेकंद थांबते. तेव्हा बटण दाबाच. कारण ही तपासणी, म्हणजे `chkdsk`, अख्खी डिस्क तासन्‌तास वाचत बसू शकते आणि फायलींच्या नोंदीही बदलते. मरणाऱ्या डिस्कला तेवढे तास द्यायचे, तर ते आपल्या फायलींसाठी द्यावेत. अँटीव्हायरसचं पूर्ण स्कॅन, डीफ्रॅग, फॉरमॅट, यातलं काहीच आत्ता नको. दुरुस्तीवाला आल्या आल्या "आधी फॉरमॅट मारू" म्हणाला, तर त्याला चहा द्या आणि थांबवा.

आता आधी काय काढायचं? मोठं काय आहे ते बघू नका. दुसरीकडे कुठेच नाही असं काय आहे, ते बघा. लोकओएसमध्ये भरलेली माहिती सर्व्हरवर असते, ती या डिस्कबरोबर जात नाही. पण गटांच्या खतावणीच्या एक्सेल फायली, टॅलीचा डेटा फोल्डर, सभेच्या ठरावांची स्कॅन, कर्जाचे अर्ज हे बहुतेक ठिकाणी एकाच संगणकावर असतं. फोटो आणि व्हिडिओ सगळ्यात शेवटी. त्यांनीच जागा अडवलेली असते आणि त्यांच्यातच वेळ जातो.

मार्चअखेरीला एका कार्यालयात हेच झालं. ५०० जीबीची डिस्क, पण खतावणीचा फोल्डर सव्वा जीबीचा आणि टॅली ३०० एमबीची. फोटो मात्र ३८ जीबी. हिशोब बघणाऱ्या ताईंनी ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह लावला, टॅली बंद केली (चालू टॅलीची कॉपी अर्धवट होऊ शकते) आणि ही आज्ञा दिली:

```
robocopy D:\Hishob E:\Hishob /E /R:1 /W:1 /LOG:E:\yadi.txt
```

साधं कॉपी-पेस्ट का नाही? खराब पानावरची फाइल आली की ते अडकतं आणि सगळंच थांबतं. रोबोकॉपी तिला सोडून पुढे जाते आणि राहिलेल्या फायलींची नोंद `yadi.txt` मध्ये ठेवते. मात्र `/R:1 /W:1` लिहायचं विसरू नका. ते नसलं, तर एकेका फायलीसाठी ती दहा लाख वेळा प्रयत्न करते, तेही दर वेळी ३० सेकंद थांबून!

पहिली दोन्ही फोल्डरं पाऊण तासात निघाली. मग ताईंना डेस्कटॉपची आठवण झाली. आपण रोजच्या फायली डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये टाकतो, त्या असतात सी ड्राइव्हवर, `C:\Users` च्या आत. डी ड्राइव्ह काढला म्हणजे झालं, असं समजू नका. जुनं मराठी टायपिंग कृतिदेव किंवा श्रीलिपीत असेल तर तो फॉन्टही घ्या, नाहीतर नव्या संगणकावर ठरावांची नुसती चिन्हं दिसतील.

यादीत दोन एक्सेल फायली राहिलेल्या निघाल्या. एक बँकेला ईमेलने पाठवलेली होती, ती पाठवलेल्या मेलमधून मिळाली. दुसरी पावतीपुस्तकावरून पुन्हा भरावी लागली, दोन दिवस गेले. मग त्यांनी पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावला आणि पाच-सहा फायली उघडून पाहिल्या. नाव दिसतं म्हणजे फाइल चांगली आहे असं नसतं.

एवढं झाल्यावरच तपासणी. `CrystalDiskInfo` हा फुकट प्रोग्राम दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हवरूनच चालवा, आजारी डिस्कवर नवं काही लिहू नका. त्यात या ओळी बघा. `05` म्हणजे बदललेली पानं, `C5` म्हणजे वाचता न येणारी, अजून निकाल न लागलेली पानं. ताईंच्या डिस्कवर लाल रंगात `Bad` होतं आणि `C5` समोर 10. हा आकडा सोळाच्या पद्धतीत असतो, म्हणजे आपले १६. दुसऱ्या दिवशी फोटो काढताना तोच 2C झाला, म्हणजे ४४. एका रात्रीत असा वाढला, तर वाद घालायचं कारण नाही, डिस्क बदलायची. `C7` एकटाच वाढत असेल आणि बाकी शून्य असतील, तर दोष बहुतेक वेळा केबलचा असतो. केबल बदलून बघा. पण पडद्यावर आधीच इशारा आला असेल, तर केबलवर भरवसा ठेवू नका.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र वरचं काहीच करू नका. लगेच बंद करा. आतलं यंत्र फिरता फिरता पानं खरवडतं. तेव्हा डेटा काढणाऱ्या प्रयोगशाळेकडेच जावं लागतं आणि ते महाग असतं. डिस्क घरी उघडायची नाही.

इशारा आला नाही म्हणजे डिस्क धड आहे, असंही नाही. गूगलने २००७ मध्ये आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. त्यात बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कवर स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दिसली नव्हती. एसएसडी तर आवाजही करत नाही, एखाद्या सकाळी दिसेनाशीच होते. म्हणून खतावणीची एक प्रत दर आठवड्याला पेन ड्राइव्हवर काढा आणि तो त्याच टेबलाच्या खणात न ठेवता अध्यक्षताईंच्या घरी ठेवा.

राहिली जुनी डिस्क. वॉरंटीत असली तर कंपनी नवी देते, आतली माहिती परत देत नाही. त्यात सदस्यांच्या आधार आणि पासबुकच्या प्रती आहेत, म्हणून भंगारात देण्याआधी ती चालत असेल तर पूर्ण पुसून घ्या. चालत नसेल, तर तिच्यात ड्रिलने आरपार तीन-चार भोकं पाडून घ्या.