जुन्या वह्या केसपेपरवर उतरवताना

अगं, दवाखान्यातल्या जुन्या वह्या नव्या केसपेपरवर उतरवायला घेतल्यास, ते बरं केलंस. पण रकाने आखले की काम झालं असं समजू नकोस. वैद्याचं एक ओळीतलं टिपण उलगडताना रुग्ण काय म्हणाला, आपण काय पाहिलं आणि आपण काय ठरवलं, हे तीन वेगळे ठेवायचे असतात. जुन्या टिपणात ते एकात एक मिसळलेले असतात.

आपल्या उरला इथल्या दवाखान्याच्या वहीतली ही ओळच घे: ‘पु. ३८, भट्टीवर. छाती जरथे, खट्टे ढेकर, २ महिने. अम्लपित्त. ना. पित्त, जि. साम. सू.शे. १-१, अवि. ½ च. रात्री. कंबर, गोळी घेतो. पथ्य सांगितले. ७ दि.’

तक्रारीच्या रकान्यात ‘अम्लपित्त’ लिहायचं नाही, ते आपलं निदान आहे. तिथे ‘छाती जरथे’ हेच त्याचे शब्द ठेव, मग ढेकर आणि दोन महिन्यांची मुदत लिही. आता शेवटाकडचं ‘कंबर, गोळी घेतो’ बघ. औषधांच्या मागे पडल्यामुळे ते कुणाच्या नजरेत भरत नाही. त्याची जागा वर, पूर्ववृत्तात आहे. रोलिंग मिलमध्ये कंबर धरलेला माणूस मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणतो आणि बहुधा रिकाम्या पोटीच घेतो. अशा बऱ्याच गोळ्या पोटाच्या आतलं अस्तर दुखावतात, म्हणजे जळजळीचं एक कारण समोरच असू शकतं. गोळी कोणती, किती दिवसांची, हे वहीत नाही. तिथे ‘नोंद नाही, पुढच्या भेटीत पाकीट आणायला सांगणे’ एवढंच लिही.

परीक्षणात सगळ्यांत जास्त गडबड होते. अष्टविध परीक्षेचे आठ रकाने छापलेले असले की हात आपोआप ‘प्राकृत’ लिहून मोकळा होतो. या ओळीत नाडी आणि जिव्हा एवढंच आहे. मूत्र, मल यांच्यापुढे ‘नोंद नाही’ असंच राहू दे. न विचारलेलं आणि विचारून ठीक आढळलेलं, यांत फार अंतर आहे. याच माणसाच्या बाबतीत मल महत्त्वाचा, कारण वेदनाशामक घेणाऱ्याला डांबरासारखं काळं शौच होत असेल, रक्ताची उलटी झाली असेल, वजन उतरत असेल किंवा घास अडकत असेल, तर आपल्या पुड्या बाजूला ठेवून त्याला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. आणि ‘साम’ हाही आपला निष्कर्ष. जिभेवर पांढरा थर होता का, हे वहीत नाही, म्हणून तो आता कल्पनेने रंगवू नकोस. इथून पुढे मात्र आधी थराचं वर्णन लिही, मग ‘साम’.

औषधात ‘सू.शे.’ एवढ्यावर भागत नाही. सूतशेखर साधा की सुवर्णयुक्त, कोणत्या फार्मसीचा, गोळी १२५ मिलिग्रॅमची की २५० ची, जेवणाआधी की नंतर, कशाबरोबर? यात पारा-गंधक आहे, शुद्ध केलेले बचनाग आणि धोतराही आहेत. म्हणून किती दिवस द्यायचा आणि कधी थांबवायचा, याची तारीख लिहायची. ‘७ दि.’ सूतशेखराचे की परत यायचे, हे टिपणावरून कळत नाही. अविपत्तिकराचा अर्धा चमचा प्रत्येक घरी वेगळा भरतो, तेव्हा ग्रॅममध्ये लिही. त्यात जवळपास निम्मी साखर असते आणि निशोत्तर पोट साफ करते. मधुमेह आहे का, शौच पातळ होतं का, हे विचारल्याचं दिसलं पाहिजे.

‘पथ्य सांगितले’ यातून काहीच हाती लागत नाही. काय सांगितलं ते आता शोधून मिळणार नाही, म्हणून ‘तपशील नाही’. नव्या भेटीत त्याच्या शिफ्टवरून लिही. इथल्या कामगाराला ‘बासी बंद’ म्हणून चालत नाही. उन्हाळ्यात भट्टीवर जाताना तेच त्याचं जेवण असतं. आंबूस झालेली बासी नको, टमाटर-मिरचीची चटणी नको, शिफ्टला निघण्याआधी ताजा भात आणि मुगाचं वरण, रात्रपाळीत फक्त चहावर राहायचं नाही. एवढ्या चारच गोष्टी लिही आणि यातल्या कोणत्या जमतील असं तो म्हणाला, तेही शेजारी टाक. पुढच्या वेळी जळजळ कमी झाली नाही, तर पथ्य पाळलं नाही की औषध लागू पडलं नाही, हे त्यावरून कळतं.

नंतर सुचलेली भर आजच्या तारखेने, वेगळ्या शाईत, सहीसह टाक. मूळ वही फाडू नकोस. तिचा पान क्रमांक नव्या केसपेपरच्या कोपऱ्यात लिहून ठेव.